न दिसणाऱ्या स्लाइडवरचं 'हे': व्याख्यानाचा सारांश लिहिताना

"आमच्या गावच्या जुन्या तळ्यांवर झालेल्या व्याख्यानाचं टंकलिखित माझ्याकडे आहे, २२ पानं. बाई सारख्या 'हे बघा', 'इथे बघा', 'ही रेषा' असं म्हणतात आणि स्लाइड्स काही मला मिळालेल्या नाहीत. वाचनालयाच्या अंकासाठी दोन पानांचा सारांश द्यायचा आहे. 'हे' म्हणजे काय ते कळत नाही तिथे काय लिहू? अंदाजाने लिहिलं तर चालेल का?"

अंदाजाने लिहू नका. मात्र प्रत्येक 'हे'चा अर्थ लागला नाही म्हणून अडूनही बसू नका. बोट दाखवता दाखवता वक्ता तीच गोष्ट बहुतेक वेळा तोंडानेही सांगतो, फक्त ती दोन ओळी आधी किंवा चार ओळी नंतर येते. ती शोधायची. खरोखर कुठेच सापडत नाहीत अशा जागा शेवटी चार-पाच उरतात, आणि सारांशाचा कस तिथेच लागतो.

मी फोंड्याला असते आणि बरीच वर्षं व्याख्यानांचे सारांश लिहिते. एकाच कामाचं उदाहरण धरून सांगते, कारण ते तुमच्या विषयाच्या जवळचं आहे. खाजन शेतीवरचं ५० मिनिटांचं व्याख्यान होतं. वक्त्या निवृत्त कृषी अधिकारी होत्या. खाजन म्हणजे खाडीच्या काठची, भरतीच्या पातळीपेक्षा खोल असलेली जमीन. बांध घालून खारं पाणी बाहेर अडवायचं आणि आत भात करायचं. बांधात ठरावीक ठिकाणी मानस असते, म्हणजे झडपांचं दार. बाहेर पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप मिटते, ओहोटीला बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं की ती उघडते आणि आतलं जादा पाणी निघून जातं. विषय तसा सोपा, पण बाईंनी अर्धं भाषण पडद्याकडे तोंड करून केलं होतं.

पहिल्या वाचनात मी सारांशाचा एकही शब्द लिहीत नाही. पेन्सिल घेऊन बोट दाखवणाऱ्या प्रत्येक शब्दाभोवती गोल करते. हा, ही, हे, इथे, तिथून हे तर आहेतच, पण 'एवढं', 'इतकं', 'असं', 'वरचं', 'खालचं', 'मघाचं' यांनाही सोडत नाही. लोक 'हे' पकडतात आणि 'इतकं' सोडून देतात, आणि नेमका 'इतकं'मध्येच आकडा लपलेला असतो. टंकलिखित करणाऱ्याने 'हां' हा होकार 'हा' असा लिहिला असेल तर तो 'हा' कशाकडेच बोट दाखवत नाही, हेही याच वेळी तपासायचं. ध्वनिमुद्रण हाताशी असेल तर तेवढी जागा ऐकून पाहावी.

त्या व्याख्यानात असे ५८ गोल झाले. मग समासात आडव्या रेघा मारल्या, जिथे जिथे चित्र बदललं असावं तिथे. त्याच्या खुणा बोलण्यात सापडतात: "आता हे", "पुढे जाऊया", "मागे घ्या जरा", विषयाचा अचानक झालेला बदल, किंवा कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुलाला दिलेली सूचना. ही रेघ फार कामाची आहे, कारण 'हे'चा अर्थ शोधायला कुठपर्यंत मागे जायचं ते ती सांगते. चित्र बदललं की आधीच्या चित्रावरची 'ही रेषा' संपली. आधीच्या चित्रातला अर्थ पुढच्या चित्रातल्या 'ही'ला लावला की वाक्य वाचायला अगदी नीट लागतं आणि साफ चुकलेलं असतं.

आता प्रत्यक्ष उतारा पाहा. टंकलिखितात तो असा होता:

"आता हे बघा. ही वर जाते ना रेषा, ती भरतीची. आणि ही खालची आतल्या पाण्याची. हा. आता जिथे ही दोन्ही मिळतात, इथे, तिथे मानस मिटते. कोण मिटत नाही तिला, पाणीच मिटतं. इथून इथपर्यंत ती बंदच. आणि इथे परत उघडली. आता हे मागच्या वर्षीचं. काय दिसतं? बरोबर. खालची रेषा खाली आलीच नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. म्हणजे पाणी निघत नव्हतं. एक तर झडप उघडत नव्हती, नाही तर तोंडाशी गाळ. आम्ही जाऊन बघितलं तर हे निघालं. (हशा) हे काढायला आम्हाला दोन दिवस गेले. म्हणून मी म्हणते, मानशीवर देखरेख कोणाची ते आधी ठरवा."

पहिला 'हे बघा' नुसता लक्ष वेधणारा आहे, तो गळून गेला तरी काही हरवत नाही. 'ही वर जाते ना रेषा' आणि 'ही खालची' यांचा अर्थ बाईंनी लगेच सांगितला: एक बाहेरच्या भरतीच्या पाण्याची, दुसरी आतल्या पाण्याची. 'हा' म्हणजे इथे 'हां', सोडून द्या. 'जिथे ही दोन्ही मिळतात' यातली जागा आलेखावरची आहे, पण तिचा अर्थ शब्दांतच आहे: बाहेरचं आणि आतलं पाणी एका पातळीवर येतं तो क्षण. वाचकाला आलेख लागतच नाही. ५८ पैकी ४० जागा अशाच निघाल्या. बोट काढून टाकायचं, गोष्ट ठेवायची.

'इथून इथपर्यंत ती बंदच' हा दुसरा प्रकार आहे. काही काळ मानस बंद राहते एवढं कळतं, पण किती तास ते कळत नाही. तो काळ आलेखावर होता, बाईंच्या तोंडी नव्हता. इथे सारांशात 'भरतीच्या काळात ती बंद राहते' एवढंच लिहायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने पहिल्या खर्ड्यात 'सुमारे सहा तास' असं लिहिलं होतं. तिचा हिशेब असा: दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, तेव्हा प्रत्येकीला सहा तास. हिशेब वाईट नाही, पण मानस बंद राहण्याचा काळ म्हणजे भरती चढण्याचा काळ नव्हे. बाहेरचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा वर असेपर्यंत ती बंद असते, आणि आत किती पाणी साठलंय त्यावर तो काळ कमी-जास्त होतो. पावसाळ्यात शेत भरलेलं असलं की वेगळा, कोरडं असलं की वेगळा. तरी मी तिला खरी चूक वेगळीच दाखवली. तिचा आकडा बरोबर निघाला असता तरी तो वक्त्याने सांगितलेला नव्हता. सारांशात तो आला की वाचक तो बाईंच्या नावावर धरणार, उद्या कुणी दुसरीकडे उद्धृत करणार.

तिच्या खर्ड्यात दुसरं एक वाक्य होतं: 'गेल्या वर्षी ओहोटीच आली नाही.' ते कसं आलं ते समजून घ्या, कारण तळ्यांच्या आलेखांतही हे घडू शकतं. बाई म्हणाल्या 'खालची रेषा खाली आलीच नाही'. मुलीने मनात चित्र काढलं. ओहोटीला बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली जातं, मग ओहोटीच्या वेळी खालची रेषा कोणती? बाहेरच्या पाण्याची. चित्र बरोबर होतं, पण बाईंनी 'खालची' हा शब्द सुरुवातीलाच आतल्या पाण्याला नाव म्हणून लावला होता. भरतीच्या वेळी ती रेषा खाली होती म्हणून ते नाव पडलं, आणि पुढे ती वर असली तरी बाई तिला 'खालची'च म्हणत राहिल्या. बोलणारे लोक असं सर्रास करतात. 'डावीकडचं', 'पहिलं', 'लाल' हे सगळे शब्द एकदा नाव म्हणून चिकटले की जागेशी किंवा रंगाशी त्यांचा संबंध उरत नाही. म्हणून समासात मी अशा नावांची नोंद ठेवते: 'खालची = आतलं पाणी'. चित्राची रेघ आली की नोंद पुन्हा तपासायची. इथे चित्र बदललं होतं, 'मागच्या वर्षीचं' आलं, पण लगेच पुढे 'म्हणजे पाणी निघत नव्हतं' हे वाक्य आहे. शेतातलं पाणी निघालं नाही तर आतली पातळी उतरत नाही. म्हणजे नाव तेच चालू आहे. आणि ओहोटी न येणं ही अशक्य गोष्ट. आपल्या सारांशात असं अशक्य वाक्य उमटलं की समजावं, कुठलं तरी बोट चुकीच्या वस्तूवर ठेवलं गेलंय.

मराठी आपल्याला इथे एक मदत करते, तिचा उपयोग करून घ्या. लिंग आणि वचन. दुसऱ्या एका जागी बाई म्हणाल्या होत्या, "हा फुटला की ही सगळी खारी होतात." कुठलंही नाम नाही. पण 'हा फुटला' पुल्लिंगी एकवचन, तेव्हा बांध. 'ही' एकटं बघितलं तर स्त्रीलिंगी एकवचन असू शकतं, म्हणजे मानस किंवा खाडी, आणि नपुंसकलिंगी अनेकवचनही असू शकतं. निकाल क्रियापद लावतं: 'होतात'. म्हणजे शेतं. 'बांध फुटला की शेतं खारी होतात', इतकं सरळ वाक्य निघालं, स्लाइड न बघता. 'याच्या' आणि 'इथून' मात्र फसवतात. 'याच्या'त पुल्लिंग आणि नपुंसकलिंग एक होतात, 'इथून'मध्ये तर लिंग-वचन काहीच राहत नाही. नपुंसकलिंगी एकवचनी 'हे'वरही विसंबू नये. नाव न घेतलेल्या कुठल्याही गोष्टीला आपण 'हे'च म्हणतो. 'हा' किंवा 'ही' आली तर ती खूण आहे, 'हे' आलं तर ती खूण असेलच असं नाही. गोव्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. वक्ता मधूनच कोंकणीत जातो, आणि एकच शब्द कोंकणीत एका लिंगाचा तर मराठीत दुसऱ्या लिंगाचा असू शकतो. त्या चार वाक्यांत हा नियम बाजूला ठेवा.

आता 'हे निघालं'. हाच तिसरा प्रकार, पूर्ण रिकामा. काय निघालं ते कुठेही शब्दांत नाही. मी पुढची तीन पानं आणि शेवटची प्रश्नोत्तरंही चाळली, कारण अशा वस्तूचं नाव पुष्कळदा श्रोत्याच्या प्रश्नात सापडतं. तिथेही नव्हतं. लिंग उपयोगाचं नाही, कारण 'हे' आहे. हशा आहे, म्हणजे श्रोत्यांनी ती वस्तू ओळखली आणि ती तिथे असण्यात त्यांना काही तरी ओळखीचं वाटलं. इतकंच.

अशी रिकामी जागा आली की मी एकच तपासणी करते: पुढे 'म्हणून', 'त्यामुळे' किंवा 'म्हणजे' येतं का, आणि ते या जागेवर उभं आहे का? नसेल तर जागा सरळ गाळते. बाईंनी एका जुन्या बांधाचं छायाचित्र दाखवून 'हे किती सुंदर आहे बघा' म्हटलं होतं. ते मी गाळलं, वाचकाचं काही गेलं नाही. पण इथे 'म्हणून मी म्हणते, मानशीवर देखरेख कोणाची ते आधी ठरवा' असं आलंय. बाईंचा मुख्य आग्रहच या न दिसणाऱ्या वस्तूवर टेकलेला आहे. गाळ निघाला असेल तर देखरेख म्हणजे दरवर्षी गाळ काढणं. दुसरं काही निघालं असेल तर देखरेखीचा अर्थ बदलतो. अशी जागा गाळता येत नाही आणि भरताही येत नाही.

मुलीने 'झडपेत अडकलेला ओंडका' लिहिलं होतं. पावसाळ्यात ओंडके वाहून येतात, दोन दिवस लागले म्हणजे वस्तू जड असणार, असा तिचा तर्क. मला स्वतःला गाळ वाटत होता, कारण त्याच्या आधीच्याच वाक्यात गाळाचा उल्लेख आहे. दोघींचे अंदाज वेगळे निघाले यावरूनच कळतं की शब्दांत उत्तर नाही. ही तपासणी तुम्हीही करू शकता. उतारा दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि आपलं मत न सांगता विचारा. दोन उत्तरं आली तर ती जागा रिकामी धरा.

विषयाची माहिती असणाऱ्याला उलट जास्त धोका असतो. त्याच व्याख्यानात बाई म्हणाल्या, "इतक्या मिठात कोरगुट उभं राहतं, हे भात नाही राहत." कोरगुट हे खाजनातलं जुनं, खारं पाणी सोसणारं भात, ते नाव शब्दांत आहे. पण 'इतक्या' म्हणजे किती, आणि 'हे' म्हणजे कुठलं वाण? गोव्यात ज्योती लावतात, जयाही लावतात. शेतीतला माणूस 'ज्योती' लिहून मोकळा होईल आणि क्षारतेचा आकडा कुठल्या तरी पुस्तिकेतून आणून बसवेल. मी लिहिलं: 'ज्या खारेपणात कोरगुट तग धरतं, त्यात त्यांनी तुलनेला घेतलेलं दुसरं वाण टिकत नाही.' तुलना राहिली, दिशा राहिली, न बोललेलं आत आलं नाही. 'कितीतरी जास्त' किंवा 'लक्षणीय' अशी विशेषणंही मी घालत नाही. आकडा नसला की हात आपोआप विशेषणाकडे जातो, आणि ते विशेषण आपलं असतं, वक्त्याचं नसतं.

असे मधल्या प्रकारचे १३ आणि पूर्ण रिकामे ५ उरले. त्या पाचांपैकी 'म्हणून'ला आधार देणारे दोनच होते. मग मी बाईंना विचारलं. विचारतानाही पद्धत आहे. 'मॅडम, स्लाइड्स पाठवाल का?' असं विचारलं तर उत्तर यायला महिना जातो, किंवा ८० स्लाइड्सची फाइल येते आणि कुठली कुठे होती ते पुन्हा आपणच शोधत बसतो. मी त्यांचंच वाक्य उतरवून पाठवलं: 'मॅडम, ३१व्या मिनिटाला आपण म्हणालात, "आम्ही जाऊन बघितलं तर हे निघालं", आणि लोक हसले. मानशीतून काय निघालं होतं?' दुसरा प्रश्नही असाच. दोनच प्रश्न, एका ओळीत उत्तर देता येईल असे. संध्याकाळी उत्तर आलं: जाळं. मानशीच्या तोंडाशी मासे धरायला लावलेलं जाळं सुटून झडपेत गुंडाळलं गेलं होतं आणि त्याच्यावर गाळ बसला होता. काम ओहोटीच्या वेळीच करता येतं, म्हणून दोन दिवस.

आता लोक का हसले तेही कळलं. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो, आणि शेतकऱ्याला पाणी बाहेर जायला हवं असतं तर मासे धरणाऱ्याला ते आत यायला हवं असतं. हा तिढा श्रोत्यांना घरचाच. देखरेख कोणाची हा बाईंचा प्रश्न गाळाबद्दल नव्हता, या दोघांच्या मधला होता. ओंडका किंवा गाळ लिहिला असता तर सारांशातली सगळी वाक्यं एकमेकांशी जुळली असती आणि व्याख्यानाचा मुद्दाच निसर्गावर ढकलला गेला असता.

छापला गेलेला परिच्छेद असा:

'मानस कुणी मिटत नाही. बाहेरचं पाणी आतल्या पातळीला आलं की पाण्याच्या दाबानेच ती मिटते, भरतीच्या काळात बंद राहते आणि नंतर आपोआप उघडते. एका वर्षीच्या पातळ्यांचा आलेख दाखवून वक्त्यांनी सांगितलं की त्या वर्षी शेतातलं पाणी उतरलंच नाही. पाहणीत झडपेत अडकलेलं मासे धरायचं जाळं निघालं (हा तपशील वक्त्यांनी नंतर कळवला), आणि ते काढायला दोन दिवस लागले. मानशीवर देखरेख कोणी करायची हे आधी ठरावं, असा त्यांचा आग्रह होता.'

यात 'आलेख दाखवून' हे शब्द मी मुद्दाम ठेवले. 'आलेखात दिसतं त्याप्रमाणे' असं लिहिलं तर वाचकाला नसलेल्या चित्राकडे पाठवल्यासारखं होतं, पण विधान आलेखाच्या आधारावर केलं होतं की नुसत्या आठवणीवर, हे त्याला कळायला हवं. कंसातला खुलासाही तसाच. ते उत्तर व्याख्यानातलं नाही, नंतरचं आहे. 'एका वर्षी' असं लिहिलं कारण 'मागच्या वर्षीचं' हे व्याख्यानाच्या दिवसापासून मोजलेलं आहे. अंक दुसऱ्या वर्षी हातात आला तर 'मागच्या वर्षी'चा अर्थच सरकतो. व्याख्यानाची तारीख पक्की असेल तर वर्षच लिहा. 'आज', 'परवा', 'यंदा' यांनाही त्याच पेन्सिलीने गोल करा.

उत्तर आलं नसतं तर? अंक छपाईला जायचा दिवस कुणासाठी थांबत नाही. तर मी त्या वाक्यात असं लिहिलं असतं: 'पाहणीत पाण्याची वाट अडल्याचं दिसलं. अडथळा कशाचा होता ते त्यांनी चित्रातून दाखवलं, बोलण्यात त्याचं नाव आलं नाही.' मुद्दा जिथे त्या जागेवर उभा आहे तिथेच असं लिहायचं. प्रत्येक 'हे'पाशी 'चित्र उपलब्ध नाही' लिहीत गेलात तर दोन पानांत तेवढंच उरेल. बाकीच्या सगळ्या जागांसाठी सुरुवातीला एक ओळ पुरते: 'हा सारांश ध्वनिमुद्रणाच्या टंकलिखितावरून केला आहे, व्याख्यानात दाखवलेली चित्रं पाहता आलेली नाहीत.' ती ओळ व्याख्यात्या आणि तारीख यांच्या लगेच खाली घाला, तळटीपेत नको. तळटीप वाचण्याआधीच वाचक मजकुरावर विश्वास ठेवून बसलेला असतो.

तुमच्या २२ पानांना पहिल्या वाचनाला एक सकाळ द्या. तळ्यांच्या व्याख्यानात नकाशे जास्त असतील, म्हणजे 'इथे', 'वरच्या अंगाला', 'या बाजूला' जास्त येईल. नकाशावर 'वर' म्हणजे बहुतेक उत्तर, पण गावात 'वरचं तळं' म्हणजे चढावरचं. बाई यातलं कुठलं 'वर' म्हणतायत ते ठरवायला पाणी कुठून कुठे जातं याबद्दल त्यांनी उच्चारलेलं एखादं वाक्य शोधा. पाणी 'वरच्या' तळ्यातून 'खालच्या'त जात असेल तर चढावरचं. तसं वाक्य सापडलं नाही तर दिशा लिहूच नका, तळ्याचं नाव तेवढं लिहा.